सूचना आमची, सही त्यांची

1960 च्या दशकातली ही घटना. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एक बाप आपल्या तान्ह्या, आजारी बाळाला घेऊन इस्पितळाच्या तातडीच्या विभागात गेला. तिथल्या तरुण निवासी डॉक्टरने बाळाला घरी न्या आणि साखरपाणी पाजा, असं सांगून त्याला परत पाठवलं. त्याच दुपारी बाळ दगावलं. न्यूमोनिया झाला होता आणि अंगातलं पाणीही कमी झालं होतं. बापाने गरीब वस्त्यांच्या कल्याणासाठी नेमलेल्या स्थानिक मंडळाकडे तक्रार केली. मंडळाने चौकशी काही लावली नाही. उलट त्या बापालाच बालसंगोपनाच्या वर्गाला बसायचं निमंत्रण दिलं आणि इस्पितळाच्या संचालकांना कुणीतरी फोन करील, असं आश्वासन दिलं. कागदोपत्री मात्र यालाही लोकसहभागच म्हणायचं.

ही हकिगत शेरी अर्न्स्टाइन या बाईंनी 1969 साली लिहिलेल्या एका लेखात येते. अमेरिकी सरकारच्या गृहनिर्माण आणि नगरविकास खात्यात त्या लोकसहभागाच्या सल्लागार होत्या. 1966 मध्ये सुरू झालेल्या 'मॉडेल सिटीज' नावाच्या योजनेत गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय वस्त्यांच्या सुधारणेसाठी पैसा मिळत होता आणि तिथल्या रहिवाशांचा सहभाग घेणं बंधनकारक होतं. बंधनकारक म्हटल्यावर प्रत्येक शहराने समित्या नेमल्या, सभा घेतल्या, हजेरीपट भरले. अर्न्स्टाइनबाईंच्या हाती हे सगळे अहवाल येत आणि त्या प्रत्येक अहवालात 'सहभाग' होताच. मग त्यांनी एक शिडी काढली. तिला आठ पायऱ्या होत्या आणि पायरी ठरवायची कसोटी एकच होती: निर्णय बदलण्याची ताकद कोणाच्या हातात आहे?

तळाच्या दोन पायऱ्यांना त्या सहभाग मानायलाच तयार नव्हत्या. पहिल्या पायरीवर लोकांना नुसतं वापरून घेतलं जातं. चार प्रतिष्ठितांची सल्लागार समिती नेमायची आणि आधीच ठरलेल्या आराखड्यावर तिच्या सह्या घ्यायच्या. दुसरी पायरी म्हणजे त्या बापाला मिळालेली वागणूक; दोष व्यवस्थेत आहे हे झाकून लोकांनाच सुधारायला निघणं. त्यावरच्या तीन पायऱ्या देखाव्याच्या. एकीवर माहिती दिली जाते, दुसरीवर मत विचारलं जातं, तिसरीवर समितीत दोन खुर्च्याही मिळतात. पण मतदानाला बसलं की बहुमत दुसऱ्यांचं असतं. खरी सत्ता सहाव्या पायरीपासून सुरू होते. तिथे भागीदारी आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना मान्य झालेले नियम आहेत आणि ते एका बाजूला परस्पर मोडता येत नाहीत. सातव्या पायरीवर एखाद्या विषयात निर्णायक मतं लोकांकडेच सोपवलेली असतात. आठव्या पायरीवर सगळा कारभार लोकच चालवतात.

आपल्याकडच्या वाचकाला यातली चौथी पायरी सगळ्यात ओळखीची वाटेल. वर्तमानपत्राच्या आतल्या पानात बारीक अक्षरात 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' अशी जाहिरात येते. लोक अर्ज देतात, सुनावणी होते, इतिवृत्तात नोंद होते. विचारलं नाही, असं कोणी म्हणू शकत नाही. विचारल्याचं पुढे काय झालं, हे मात्र शोधूनही सापडत नाही.

अर्न्स्टाइनबाईंना आपल्या शिडीच्या मर्यादा माहीत होत्या. प्रत्यक्षात पायऱ्या दीडशेसुद्धा असू शकतात आणि 'सत्ताधारी' किंवा 'सामान्य लोक' हे एकजिनसी गट नसतात, हे त्यांनी त्याच लेखात लिहून ठेवलं होतं. मला मात्र आणखी एक अडचण दिसते. शिडी आपल्याला पायऱ्यांची नावं सांगते. एखादं शहर खालच्या पायरीवरून वर कसं जातं, हे काही ती सांगत नाही. त्यासाठी ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे या शहराकडे पाहायला हवं.

पोर्तो अलेग्रे ही ब्राझीलच्या अगदी दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल या राज्याची राजधानी. वस्ती बारा-तेरा लाखांची. शहराच्या कडेने आणि टेकड्यांवर वसलेल्या झोपडवस्त्यांना तिथे 'विला' म्हणतात. लष्करी राजवटीच्या काळात राज्यांच्या राजधान्यांचे महापौर वरून नेमले जात. थेट निवडणूक झाली ती 1985 मध्ये. पण वस्त्यांमधल्या रहिवासी संघटना त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या आणि 1983 मध्ये त्यांनी आपला शहरव्यापी महासंघही काढला होता. पालिकेच्या पैशाचं वाटप कसं होतं यात आम्हाला वाव हवा, ही मागणी याच महासंघाने 1986 मध्ये केली. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जगभर या प्रयोगाचं श्रेय एका पक्षाला दिलं गेलं. पक्षाने दार उघडलं हे खरं, पण ते ठोठावणारे आधीच बाहेर उभे होते.

1988 अखेरच्या निवडणुकीत तिथल्या कामगार पक्षाचे ओलिव्हिओ दुत्रा महापौर झाले. हे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे पुढारी. 1989 च्या जानेवारीत त्यांनी तिजोरी उघडून पाहिली, तेव्हा उत्पन्नातला जवळजवळ सगळा पैसा, 98 टक्क्यांच्या आसपास, पगारावरच खर्च होत असल्याचं दिसलं. लोकांनी ठरवावं असं उरलंच काय होतं? तरी सभा झाल्या. लोकांनी याद्या दिल्या, रस्ते, गटारं, नळ. पहिल्या फेरीतली कामं बहुतेक झालीच नाहीत आणि पुढच्या सभांना माणसं रोडावली. हा टप्पा यशोगाथांमध्ये सहसा गाळला जातो. माझ्या मते तोच सगळ्यात शिकण्यासारखा आहे. वाटायला पैसा नसताना सहभाग मागितला, तर हेतू कितीही चांगला असो, लोक चौथ्या पायरीवरच उभे राहतात.

मग पालिकेने आधी पैशाची बाजू सावरली. मालमत्ता कराची फेररचना करून मोठ्या मालमत्तांवर चढे दर लावले. 1988 च्या नव्या राज्यघटनेमुळे केंद्र आणि राज्याकडून पालिकांना मिळणारा वाटाही वाढला होता. दोन-तीन वर्षांत नव्या कामांसाठी अर्थसंकल्पातला सांगण्याजोगा हिस्सा मोकळा झाला. मतदान व्हायचं ते मुख्यतः याच हिश्श्यावर. पगार, निवृत्तिवेतन, कर्जफेड यांना हात लावता येत नव्हता.

शहराचे सोळा विभाग पाडले गेले. सुरुवातीला पालिकेने पाचच सुचवले होते, पण संघटनांनी ते मानलं नाही. एवढ्या मोठ्या विभागात आमच्या वस्तीचा आवाज कुठे ऐकू येणार, असा त्यांचा सवाल होता आणि वाटाघाटीतून सोळा ठरले. पुढे 1994 मध्ये वाहतूक, शिक्षण, आरोग्य अशा साऱ्या शहराच्या प्रश्नांसाठी वेगळ्या विषयवार सभाही सुरू झाल्या.

वर्षाचं चक्र वसंतात नव्हे, तिथल्या शरदात म्हणजे मार्चच्या सुमारास फिरू लागे. विभागाच्या पहिल्या सभेत महापौर आणि अधिकारी समोर बसत आणि गेल्या वर्षी ठरलेल्या कामांपैकी किती झाली, किती राहिली, का राहिली, हे सांगत. हाती छापील पुस्तिका असे. तिच्यात विभागवार प्रत्येक काम नोंदवलेलं: अमुक गल्ली, इतके मीटर, इतका खर्च. गल्लीतली बाई पुस्तिकेवर बोट ठेवून विचारू शके की हे काम कुठे आहे. सभेला आलेल्या माणसांच्या संख्येवरून विभागाला प्रतिनिधी मिळत. नव्वदच्या दशकात रूढ झालेला हिशोब म्हणजे दर दहा उपस्थितांमागे एक. त्यामुळे आपल्या वस्तीतून जास्त माणसं आणण्यात प्रत्येकाचा थेट स्वार्थ होता. पोरंबाळं कडेवर घेऊन बाया सभेला येत. खालच्या पातळीच्या सभांमध्ये निम्म्याहून अधिक स्त्रिया असत आणि हजेरीत गरिबांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणाहून जास्त होता. बोलण्यात मात्र पुरुष आणि शिकलेले पुढे असत, हेही अभ्यासकांनी नोंदवलं आहे.

पुढचे काही महिने वस्त्यावस्त्यांत छोट्या बैठका होत. प्रत्येक विभाग आपले अग्रक्रम ठरवी: सांडपाणी, रस्ते, घरांच्या जागेची कायदेशीर मालकी, शाळा, दवाखाने. यात सांडपाणी, रस्ते आणि जागा वर्षानुवर्षं वर राहिले. दुसऱ्या मोठ्या सभेत प्रत्येक विभाग आपले दोन सदस्य शहराच्या अर्थसंकल्प परिषदेवर पाठवी. या परिषदेत पालिकेचे अधिकारी बसत आणि बोलतही, पण त्यांना मत नव्हतं. सदस्याची मुदत एक वर्षाची, फार तर आणखी एकदा निवडून येता येई, आणि विभागाला वाटलं तर त्याला मध्येच परत बोलावता येई. सप्टेंबरअखेर अर्थसंकल्पाचा मसुदा शहराच्या निर्वाचित सभागृहाकडे जाई.

खरी लढाई वाटपाच्या सूत्रावर होत असे. सूत्र ऐकायला रूक्ष आहे, पण सत्ता तिथेच बसलेली होती. प्रत्येक कामासाठी विभागाला तीन गोष्टींवर गुण मिळत: ती सोय तिथे किती कमी आहे, तिथली लोकसंख्या किती आणि त्या विभागाने त्या कामाला कितवा अग्रक्रम दिला आहे. कोणत्या निकषाला किती वजन द्यायचं, हे परिषद दरवर्षी पुन्हा चर्चेला घेऊ शके.

समजण्यासाठी दोन कल्पित विभाग घेऊ. त्या वर्षी साऱ्या शहरात मिळून 20 किलोमीटर रस्ते पक्के करायचे आहेत. वजन असं धरू: गरजेला चार, अग्रक्रमाला पाच, लोकसंख्येला दोन. डोंगराकडेच्या विभागात बहुतेक रस्ते मातीचे, म्हणून गरजेचे गुण चार. लोकवस्ती विरळ, म्हणून एक. रस्त्याला त्यांनी पहिला क्रम दिला, म्हणून चार. हिशोब झाला सोळा अधिक वीस अधिक दोन, म्हणजे 38. दुसरा विभाग शहराच्या मध्याजवळचा. रस्ते बहुतेक पक्के, म्हणून गरजेचा एकच गुण. वस्ती दाट, म्हणून चार. रस्त्याला दुसरा क्रम, म्हणून तीन. त्याचे झाले चार अधिक पंधरा अधिक आठ, म्हणजे 27. सर्व विभागांची बेरीज 400 आली असेल, तर डोंगराकडच्या विभागाला 1.9 किलोमीटर आणि मध्यवर्ती विभागाला 1.35 किलोमीटर रस्ता मिळाला. आता त्या 1.9 किलोमीटरमध्ये कोणती गल्ली आधी, हे विभागातल्या प्रतिनिधींनी ठरवायचं. काम सुरू झालं की त्याच गल्लीतल्या रहिवाशांची समिती त्यावर देखरेख ठेवी.

यात मध्यमवर्गीय विभागालाही काहीतरी मिळतं, तरी झुकतं माप गरजेकडे आहे आणि ते का, हे कोणालाही बेरीज करून पाहता येतं. याआधी रस्ता हवा असेल तर सभागृहातल्या एखाद्या सदस्याकडे खेटे घालावे लागत आणि रस्ता झाला की निवडणुकीत त्याची फेड करावी लागे. 'अमुक यांच्या विशेष प्रयत्नांतून' असे फलक ज्यांच्या कोपऱ्यावर उभे आहेत, त्यांना याहून जास्त सांगायला नको. सूत्र आल्यावर प्रयत्नांना विशेष असं काही उरलं नाही. सभागृहातले अनेक सदस्य या पद्धतीवर नाराज होते, ते यामुळेच.

परिणाम दिसले. बहुतेक ठिकाणी उद्धृत होणारे आकडे असे की 1989 ते 1996 या काळात नळाचं पाणी मिळणाऱ्या घरांचं प्रमाण 80 टक्क्यांवरून 98 टक्क्यांवर गेलं आणि सांडपाण्याच्या जोडण्या 46 टक्क्यांवरून 85 टक्क्यांवर. हे सगळं केवळ सभांमुळे झालं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल; तिथली पाणीपुरवठा संस्था पाणीपट्टीच्या स्वतःच्या उत्पन्नावर चालणारी होती आणि करांची सुधारणाही झाली होती. सभांमुळे बदललं ते नळ आणि गटार कोणत्या वस्तीत आधी पोहोचलं हे.

मग पोर्तो अलेग्रे कोणत्या पायरीवर होतं? परिषदेतली सगळी मतं लोकांची होती, म्हणून सातवी म्हणण्याचा मोह होतो. पण हे सारं नव्या कामांपुरतं होतं, तांत्रिक दृष्ट्या काम शक्य आहे की नाही हे अभियंते सांगत आणि कायद्याने अंतिम मंजुरी सभागृहाची होती. शिवाय या पद्धतीला कायद्याचा आधारच नव्हता. तिची नियमावली भाग घेणाऱ्यांनी स्वतः लिहिली होती आणि दरवर्षी ते ती सुधारत. कायदा केला तर नियम बदलण्याची ताकद सभागृहाकडे जाईल, अशी भीती होती आणि ती रास्त होती. मी त्या शहराला सहावी आणि सातवी यांच्या मध्ये ठेवीन. हे सगळं महापौराच्या इच्छेवर टिकून होतं, हा त्यातला कच्चा दुवा.

तो दुवा तुटला. सोळा वर्षांच्या सत्तेनंतर 2004 मध्ये कामगार पक्ष निवडणूक हरला. नव्या महापौरांनी लोकसहभागी अर्थसंकल्प बंद केला नाही. तो चालू ठेवू, असं आश्वासन देऊनच ते निवडून आले होते. सभा चालू राहिल्या, प्रतिनिधी निवडले गेले. पण सभेत ठरलेली कामं रेंगाळू लागली, त्यांच्यासाठीचा पैसा आटला आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी समोर बसून हिशोब देणं सैल झालं. नाव तेच राहिलं आणि पायरी खाली सरकली. पुढे 2017 मध्ये पैसा नसल्याचं सांगून नव्या सभा थांबवण्यात आल्या. तोवर बंद करण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं.

दरम्यान ही कल्पना जगभर फिरली आणि फिरताना हलकी झाली. न्यूयॉर्कमध्ये 2011 पासून काही नगरसेवकांनी आपल्या निधीतले प्रत्येकी दहा लाख डॉलर लोकांच्या मतावर सोडले. मतदान खरं असतं, नागरिकत्व नसलेले स्थलांतरितही मत देतात आणि निवडलेलं काम होतं. पण शहराच्या अवाढव्य अर्थसंकल्पात ही रक्कम चिमूटभर. पोर्तो अलेग्रेत शहराच्या नव्या कामांचा मुख्य ओघ सभांमधून जात होता. इथे त्यातला एक थेंब जातो.

पुण्यात नागरिकांचा सहभाग असलेला अर्थसंकल्प 2006 पासून सुरू झाला. भारतातल्या मोठ्या शहरांमधला हा लवकरचा प्रयत्न आणि तो नाव ठेवण्यासारखा नाही. साधारण पद्धत अशी: महापालिका मुदत जाहीर करते, नागरिक क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन अर्ज भरून काम सुचवतो. काम लहान हवं, मर्यादा पाच लाख रुपयांची. पदपथ, बाक, बसथांबा, दिवे, स्वच्छतागृह अशी ही कामं. अधिकारी ती तपासतात, खर्चाचा अंदाज काढतात आणि यादी प्रभाग समितीपुढे जाते. समितीत मतं नगरसेवकांची.

आता हे पोर्तो अलेग्रेशेजारी ठेवून पाहा. पुण्यात नागरिक एकेकटा अर्ज भरतो. शेजारच्या वस्तीची गरज माझ्याहून मोठी आहे का, हे त्याला कळायची सोयच नाही, कारण सगळे एकत्र बसतच नाहीत. सोसायटीतल्या, इंटरनेट हाताशी असलेल्या माणसाला अर्ज सोपा आणि घरकाम आटोपून संध्याकाळी वस्तीत परतणाऱ्या बाईला अवघड. कोणता अर्ज मंजूर व्हावा यावर अर्जदारांचं मत नाही. दोन अर्जांमधून निवड कोणत्या सूत्राने झाली, हेही त्यांना मोजून पाहता येत नाही. अर्ज नाकारला तर अर्जदाराला कारणासह उत्तर देणारी, आणि मंजूर काम वर्षअखेर झालं की नाही हे त्याच्यासमोर वाचून दाखवणारी सभा नाही. अर्न्स्टाइनबाईंच्या शिडीवर ही चौथी पायरी आहे. ती पहिल्या पायरीपेक्षा खूप बरी, पण अठरा वर्षांहून जास्त काळ एकाच पायरीवर उभं राहणं हे काही चढणं नव्हे.

यात नगरसेवकांना खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. त्यांना लोकांनीच निवडून दिलेलं असतं आणि अंतिम जबाबदारीही त्यांचीच. पोर्तो अलेग्रेतही सभागृह होतंच. फरक एवढाच की सभागृहाकडे जाणारी यादी सर्वांसमोर तयार झालेली असे, म्हणून ती गुपचूप बदलणं महागात पडे. पुण्यात किंवा कोणत्याही महापालिकेत हे करायला राज्यघटना बदलावी लागत नाही. प्रभागाला यंदा किती रक्कम आहे हे अर्ज मागवण्याआधी जाहीर करणं, आलेल्या सगळ्या अर्जांची यादी क्षेत्रीय कार्यालयाच्या भिंतीवर लावणं आणि एका जाहीर सभेत ती वाचून हात वर करून क्रम लावणं, एवढ्याने पायरी बदलायला सुरुवात होते.

तोवर नागरिकाच्या हाती एक साधन आहे. पुढच्या वेळी महापालिकेने सूचना मागवल्या की अर्ज जरूर भरा. पोचपावती जपून ठेवा. अर्थसंकल्प मंजूर झाला की माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचं मुद्रांक लावून, आपल्या प्रभागातून आलेल्या सर्व सूचनांची यादी, नाकारलेल्या प्रत्येक सूचनेचं लेखी कारण आणि मंजूर कामांवर प्रत्यक्ष झालेला खर्च मागा. उत्तर आलं की शेजारच्या चार इमारती आणि मागची वस्ती यांना बोलावून ते मोठ्याने वाचा.